रिक्रूटरने पोर्टफोलिओच्या लिंक मागितल्या, तर मेसेज कसा लिहायचा?

प्रश्न: लोअर परळच्या एका एजन्सीत तीन वर्षं यूआय-यूएक्स डिझायनर आहे. बीकेसीतल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या रिक्रूटरने लिंक्डइनवर विचारलंय, "प्रॉडक्ट डिझायनरच्या जागेसाठी पोर्टफोलिओच्या लिंक, सीटीसी आणि नोटिस पिरियड पाठवा." माझ्याकडे बिहान्स, ड्रिबल, ड्राइव्हवरची पीडीएफ आणि ऑफिसच्या फिग्मा फाइल आहेत. सगळ्या लिंक देऊ का? दोन कामं एनडीएत आहेत, त्यांचं काय? मेसेज नेमका कसा लिहू?

उत्तर:

सगळ्या देऊ नका, तीनच द्या. एक पोर्टफोलिओच्या मुख्य पानाची आणि दोन थेट त्या जागेशी जुळणाऱ्या कामांच्या. ड्रिबल पूर्ण गाळा. बिहान्स तुमच्या मुख्य पानाच्या तळाशी राहू दे, मेसेजमध्ये नको. हे असं का, ते तुमच्या मेसेजचं पुढे काय होतं यावरून कळतं.

रिक्रूटर बहुतेक वेळा डिझायनर नसतात. तुमचं काम चांगलं की वाईट हे ते ठरवत नाहीत. ते तुमच्या मेसेजमधल्या लिंक उचलतात, एका शीटमध्ये किंवा भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतात आणि डिझाइन टीमच्या लीडला पाठवतात. लीडसमोर त्या दिवशी अशा बऱ्याच ओळी असतात. म्हणजे तुमचा मेसेज दोन माणसं वाचणार आहेत, आणि निवड करणारं माणूस तो दुसऱ्याच्या हातून, निम्माशिम्मा कापलेला वाचणार आहे. बहुतेक उमेदवार फक्त पहिल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितात आणि तिथेच गडबड होते.

म्हणून मेसेजचे दोन भाग करा. वरचा भाग जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा: तुम्ही कोण, तीन लिंक, प्रत्येक लिंकमध्ये काय बघायचं. मग एक ओळ मोकळी सोडून खालचा भाग फक्त रिक्रूटरसाठी: सीटीसी, अपेक्षा, नोटिस, राहण्याचं ठिकाण. डिझाइन लीडला तुमच्या पगाराशी त्या क्षणी काही देणंघेणं नसतं, आणि तुम्हालाही तो आकडा चार लोकांत फिरायला नको असतो. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात कालवल्या की रिक्रूटर वेगळं करत बसत नाहीत, सगळंच पुढे ढकलतात.

आता लिंक. सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते ती ड्राइव्हवर. तुम्ही पीडीएफ रिक्रूटरच्या ईमेलला शेअर करता, त्यांच्याकडे ती छान उघडते आणि ते ती लीडला पाठवतात. लीडच्या स्क्रीनवर मात्र `You need access` येतं. तुम्हाला परवानगी मागणारा मेल येतो, पण तो तुम्ही संध्याकाळी बघता. तोवर लीड पुढच्या नावावर गेलेले असतात. तेव्हा `General access` खाली `Restricted` काढून `Anyone with the link` आणि `Viewer` ठेवा. फाइल ऑफिसच्या गूगल खात्यात असेल तर कंपनीने बाहेर शेअर करणं बंद केलेलं असू शकतं, मग हा पर्यायच दिसणार नाही. पीडीएफ स्वतःच्या खात्यातूनच द्या. मेलला जोडलेली फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेल तिची आपोआप ड्राइव्ह लिंक करतं आणि तुम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात पडता. फिग्मातून काढलेल्या पीडीएफमध्ये मोठ्या आकाराचे फोटो तसेच जातात, त्यामुळे १५ पानांची फाइलही सहज ६० एमबी होते. फोटो आधी लहान करा. १० एमबीच्या आत फाइल आणा, म्हणजे ती फोनवरही पटकन उघडेल.

फिग्माचा प्रकार वेगळा. ऑफिसच्या फाइलची लिंक देऊच नका, याची दोन कारणं आहेत. एक, ती फाइल एजन्सीच्या टीममध्ये आहे. तिची परवानगी कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात, आणि तुम्ही नोकरी सोडल्यावर तुमचाच प्रवेश बंद होणार. दोन, डिझाइन फाइल उघडली की समोर येतो तो अख्खा कॅनव्हास: टाकून दिलेले प्रयत्न, शेजारच्या क्लायंटची पानं, `Final_new_2` नावाच्या फ्रेम. पाहणाऱ्याने यातून तुमचं काम शोधून काढायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. शिवाय फोनवर अशी फाइल जड जाते.

फिग्मा द्यायचंच तर स्वतःच्या खात्यात वेगळी फाइल करा, त्यात फक्त दाखवायचा फ्लो ठेवा आणि प्रोटोटाइपची लिंक द्या. लिंक अशी दिसेल:

```
https://www.figma.com/proto/FILEKEY/kyc-flow?node-id=12-340&starting-point-node-id=12%3A340&scaling=scale-down&hide-ui=1
```

`starting-point-node-id` मुळे तो ठरलेल्या स्क्रीनपासून सुरू होतो. `scaling=scale-down` मुळे मोठी स्क्रीन लहान खिडकीत मावते आणि `hide-ui=1` मुळे फिग्माची स्वतःची पट्टी दिसत नाही. कॉपी केलेल्या लिंकच्या शेवटी `&t=` ने सुरू होणारी शेपटी असेल तर काढून टाका, तिच्याशिवाय लिंक चालते. पण एवढी लांब लिंक मेसेजमध्ये घालू नका, ती शीटमध्ये चिकटवताना अर्धी कापली जाते. ती तुमच्या केस स्टडीच्या पानावर बटणामागे ठेवा. त्याच पानावर त्याच फ्लोचा ४०-५० सेकंदांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओही ठेवा, कारण प्रोटोटाइपमध्ये कुठे टॅप करायचं हे पाहणाऱ्याला माहीत नसतं. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं की माणूस खिडकी बंद करतो.

मुख्य पान शक्यतो तुमच्या ताब्यातलं असावं. फ्रेमर, वेबफ्लो, नोशन, काहीही चालेल, फुकटातला पत्ता असला तरी हरकत नाही. खरा फायदा असा की मेसेज एकदा गेला की गेला, पण पानावरची चूक नंतरही दुरुस्त करता येते. पीडीएफ एकदा कोणी उतरवून घेतली की तिच्यातलं चुकीचं स्पेलिंग कायमचं. पानाचं शीर्षक बदलायला विसरू नका. लिंक्डइन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकखाली जी चौकट उमटते तिच्यात `Home` किंवा `Untitled` दिसलं तर ती लिंक कोणाची हे लीडला कळत नाही. तिथे तुमचं नाव आणि `Product Designer` एवढं दिसलं पाहिजे.

लिंक लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. शब्दामागे दडवलेली लिंक कॉपी-पेस्टमध्ये हरवते, शीटमध्ये फक्त "इथे बघा" उरतं. म्हणून पूर्ण पत्ता उघडा लिहा, प्रत्येक पत्ता स्वतंत्र ओळीवर, आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम किंवा कंस नको. काही ठिकाणी तो पत्त्यातच धरला जातो आणि पान सापडत नाही. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवाही टाळा. त्यामागे काय आहे ते दिसत नाही आणि वित्त कंपन्यांच्या मेल फिल्टरला असल्या लिंक संशयास्पद वाटतात.

एनडीएतल्या कामांकडे वळू. "एनडीए आहे, दाखवू शकत नाही" असं लिहिलं तर ते काम नसल्यातच जमा. आणि सगळं उघडं ठेवलं तर पुढची कंपनी विचार करते, उद्या आमचंही असंच बाहेर पडेल. कर्ज देणारी कंपनी या बाबतीत जास्तच दक्ष असते. मधला रस्ता असा: क्लायंटचं नाव, लोगो आणि ओळखू येणारा रंग काढून टाका. कंपनीचे व्यवसायाचे आकडे काढा, पण डिझाइनची प्रक्रिया ठेवा: आधीचा फ्लो कसा होता, कुठे अडत होतं, कोणते पर्याय टाकून दिले आणि का. "पश्चिम भारतातली एक मध्यम आकाराची कर्ज देणारी संस्था" एवढी ओळख पुरते. हे करण्याआधी करार वाचा. काही करारांत नाव काढूनही दाखवायला मनाई असते. तशा वेळी मॅनेजरकडून मेलवर लेखी होकार घ्या. तो मिळाला नाही तर ते काम लेखी स्वरूपात दाखवू नका.

एक गोष्ट इथे हमखास सुटते. केवायसीच्या स्क्रीनवर नमुन्यादाखल भरलेले आधार क्रमांक, पॅन, मोबाइल नंबर आणि फोटो कधीकधी खऱ्या माणसांचे असतात, कारण चाचणीच्या वेळी टीममधल्याच कोणीतरी स्वतःचे टाकलेले असतात. प्रत्येक स्क्रीन मोठी करून तपासा. नुसतं धूसर करू नका, तो मजकूर बदलून खोटा भरा. अर्जदाराची माहिती कशी हाताळायची हे ज्यांचं रोजचं काम, त्यांना तुमच्या पोर्टफोलिओत कोणाचा तरी खरा पॅन दिसला तर पुढे बोलायला काही उरत नाही.

पानाला पासवर्ड लावलात तर तो त्याच मेसेजमध्ये, त्या लिंकच्या लगेच खालच्या ओळीत द्या. "पासवर्डसाठी संपर्क करा" असं कधीही लिहू नका. सगळ्या पानांना एकच पासवर्ड ठेवा आणि त्यात शून्य आणि ओ, एक आणि एल अशी गोंधळाची अक्षरं नकोत.

आता तुमचाच मेसेज बांधू. कंपनी कर्ज देते, म्हणजे अर्ज भरणं, केवायसी आणि हप्ते हे त्यांच्या कामाचे गाभ्याचे फ्लो. तुमच्याकडे एनडीएतलं एक काम केवायसीचं आहे आणि दुसरं एका दुकान-साखळीच्या ॲपमधलं पेमेंटचं आहे असं धरतो. तर हीच दोन, याच क्रमाने. तुमचं सर्वांत देखणं काम कदाचित एखाद्या महोत्सवाचं ब्रँडिंग असेल, ते या मेसेजमध्ये येत नाही. मेसेज तुम्ही इंग्रजीत पाठवणार हे गृहीत आहे. इथे मराठीत देतो, रचना आणि लांबी तशीच ठेवा.

> नमस्कार (रिक्रूटरचं नाव),
>
> प्रॉडक्ट डिझायनरच्या जागेसाठी माझं काम पाठवते आहे. ३ वर्षांचा अनुभव, त्यातलं बहुतेक काम मोबाइलवरच्या अर्ज आणि पेमेंटच्या फ्लोवर.
>
> पोर्टफोलिओ:
> `https://portfolio.example.com`
>
> १. कर्जाच्या अर्जातली केवायसी. ११ स्क्रीनचा फ्लो ६ वर आणला. टीम ३ जणांची, फ्लो आणि यूआय माझं, संशोधन सहकाऱ्याचं. "फोटो नाकारला गेला तर" हा भाग जरूर बघावा.
> `https://portfolio.example.com/kyc`
> पासवर्ड: `chafa2468`
>
> २. दुकान-साखळीच्या ॲपमधलं पेमेंट. व्यवहार अडकल्यावरच्या स्क्रीन, मराठी आणि हिंदी मजकुरासह. पूर्ण डिझाइन माझं.
> `https://portfolio.example.com/payment`
>
> (मोकळी ओळ)
>
> तुम्ही विचारलेली माहिती:
> सध्याचा सीटीसी: (आकडा) लाख, त्यातला स्थिर भाग (आकडा)
> अपेक्षा: (आकडा) ते (आकडा) लाख
> नोटिस: ६० दिवस, बायआउटबद्दल बोलता येईल
> राहायला ठाण्यात, आठवड्यातून ३ ते ५ दिवस बीकेसीला येणं जमेल
>
> (तुमचं नाव, फोन)

यात "मी उत्साही आणि सर्जनशील" वगैरे काही नाही, आणि नसावं. ते शीटमधल्या प्रत्येक ओळीत असतं. पहिल्या वाक्यात जागेचं नाव आहे, कारण रिक्रूटरकडे एकाच वेळी बऱ्याच जागा असतात आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तेवढीच एक ओळ दिसते.

प्रत्येक कामाखालची ओळ मात्र जपून लिहा. तिच्यात तीन गोष्टी लागतात: काय बदललं, त्यात तुमचा वाटा किती, आणि कुठे बघायचं. "११ वरून ६" हे कोणालाही पानावर मोजून बघता येतं, म्हणून ते ठेवलं. "अर्ज पूर्ण करणारे ४० टक्क्यांनी वाढले" असं काही तुमच्याकडे खरोखर मोजलेलं असेल आणि सांगायला परवानगी असेल तरच लिहा. एजन्सीतल्या डिझायनरला हा आकडा सहसा मिळतच नाही, कारण काम सोपवल्यावर मोजणी क्लायंटकडे होते. हे प्रत्येक डिझाइन लीडला ठाऊक असतं, त्यामुळे एजन्सीच्या पोर्टफोलिओत गुळगुळीत टक्केवारी दिसली की भुवया उंचावतात. आकडा नसेल तर किती जणांसोबत फ्लो तपासून बघितला आणि त्यातून काय बदललं, ते सांगा.

वाट्याबद्दलही तेच. "संशोधन सहकाऱ्याचं" असं लिहिल्याने तुम्ही लहान होत नाही. उलट "सगळं मी केलं" म्हटलं की मुलाखतीत पहिला प्रश्न संशोधनावरच येतो, आणि न केलेल्या कामाचे तपशील दुसऱ्या उपप्रश्नालाच संपतात.

"कुठे बघायचं" ही ओळ फार थोडे जण लिहितात, आणि माझ्या मते पूर्ण मेसेजमधली तीच सर्वांत कामाची. लीड पहिल्या फेरीत पूर्ण केस स्टडी वाचत नाहीत, वरून खाली सरकत जातात. नीटनेटक्या स्क्रीन सगळ्यांच्याच असतात. फोटो नाकारला, ओटीपी आला नाही, पैसे कापले गेले पण व्यवहार अडकला, अशा वेळी तुम्ही काय केलंत यावर खरी पारख होते. त्यांची नजर नेमकी तिथे न्या. पानावरही तो भाग फार खाली पुरू नका.

पाठवण्याआधीची तपासणी पाच मिनिटांची आहे. लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये तुम्ही सगळीकडे लॉग-इन असता, त्यामुळे बंद लिंकही तुम्हाला उघडीच दिसते. मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर, शक्यतो दुसऱ्या कोणाच्या फोनवर बघा. पहिली स्क्रीन दिसायला पाच-सहा सेकंदांहून जास्त लागत असतील तर पानावरचे फोटो जड आहेत. रिक्रूटर तुमची लिंक कदाचित कुर्ल्याच्या पुलावरून चालताना उघडणार, हे लक्षात असू द्या. शेवटी मेसेज स्वतःला मेल करा, तिथून एखाद्या शीटमध्ये चिकटवा आणि तिथून लिंक दाबून बघा. तिन्ही उघडल्या तर पाठवा.

वेळेचंही थोडं. "पोर्टफोलिओ अपडेट करते आहे, दोन-तीन दिवसांत पाठवते" हे उत्तर टाळा, पहिली यादी तोवर पुढे गेलेली असू शकते. दुसरं काम अर्धवट असेल तर आज एकच पूर्ण केस स्टडी पाठवा. दुसऱ्याची लिंक देऊन "लवकरच येत आहे" असं पान दाखवण्यापेक्षा ते बरं. तयार झालं की मुख्य पानावर घाला, ती लिंक त्यांच्याकडे आहेच.

चार-पाच कामाचे दिवस गेले आणि उत्तर नाही, तर एकदाच आठवण करा. नुसतं "काही अपडेट?" लिहिलं तर रिक्रूटरला वर जाऊन तुमचा जुना मेसेज शोधावा लागतो. त्याऐवजी जागेचं नाव, मुख्य लिंक आणि केवायसीची लिंक पासवर्डसह पुन्हा द्या, वर एक ओळ: "लिंक उघडण्यात अडचण आली असल्यास कळवावं." ही ओळ केवळ सभ्यता म्हणून नाही. कधीकधी खरंच तीच अडचण असते आणि एरवी ती कोणी कळवत नाही.

आणि भरती सुरू आहे तोवर पानांचे पत्ते आणि पासवर्ड बदलू नका. मुलाखत घेणारे बैठकीच्या दहा मिनिटं आधी तीच जुनी लिंक शीटमधून उघडतात. पानावर नवीन मजकूर घालायला हरकत नाही, पण `/kyc` चं `/loan-kyc` केलंत तर त्यांना रिकामं पान दिसेल.